कुत्र्याचं खाणं आणि पक्ष्यांचे दाणे: उंदीर, मुंग्या आणि पतंग लागू न देता कसे ठेवावेत

उंदीर, मुंग्या आणि धान्यातले पतंग एकाच पिशवीवर येतात, पण तिघांची वाट वेगळी असते. उंदीर दातांनी वाट काढतो. मुंगीला झाकणाची फट पुरते. पतंग मात्र बहुतेक वेळा बाहेरून येतच नाही. त्याची अंडी दाण्यांबरोबर दुकानातूनच घरी येतात आणि आपण ती घट्ट झाकणाच्या डब्यात जपून ठेवतो. त्यामुळे "एअरटाइट डबा घ्या, झालं" हा सल्ला अर्धाच कामाचा आहे. डबा लागतोच, पण त्याच्या आधी दोन कामं असतात आणि नंतर एक सवय लागते.

उदाहरणासाठी एक घर धरू. मुंबई-ठाण्याकडचा फ्लॅट, जुलै महिना, भिंतींना ओल. घरात बारा-तेरा किलोचा देशी कुत्रा आणि गॅलरीत बजीची जोडी, ज्यांना आपल्याकडे दुकानदारापासून पाहुण्यांपर्यंत सगळे लव्हबर्डच म्हणतात. नव्याने प्राणी पाळणाऱ्यांचं घर साधारण असंच असतं.

आधी हिशोब, मग खरेदी

एवढा कुत्रा कोरडं खाणं दिवसाला साधारण दोनशे ग्रॅम खातो. नेमका आकडा पिशवीच्या मागे वजनानुसार छापलेला असतो, तो बघावा. म्हणजे 3 किलोची पिशवी पंधरा दिवस जाते आणि 10 किलोची पन्नास दिवस. मोठी पिशवी किलोमागे स्वस्त पडते हे खरं, पण कोरड्या खाण्यावर चरबीचा थर फवारलेला असतो. पिशवी उघडली की त्याला हवा लागते आणि हळूहळू खवट वास येऊ लागतो. उघडलेली पिशवी सहा आठवड्यांत संपवावी, असं साधारणपणे सांगतात. शिवाय ती 27 अंशांच्या खाली ठेवावी असंही सांगतात, आणि किनारपट्टीवर तेवढं थंड घर वर्षातून मोजके दिवस असतं. त्यामुळे या कुत्र्यासाठी 3 किलोचीच पिशवी बरी. घरात तीस किलोचा लॅब्रॅडॉर असेल तर 10 किलो महिन्याच्या आत संपतात, तिथे मोठी पिशवी घ्यायला हरकत नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत लोक जास्त फसतात. बजीची जोडी दिवसाला वीसेक ग्रॅम दाणे खाते, त्यात सांडलेले आणि टरफलं धरली तरी महिन्याला एक किलोच्या आतच काम भागतं. दुकानात मात्र राळा, बाजरी आणि सूर्यफुलाचं मिश्रण पोत्यातून सुटं मिळतं आणि "पाच किलो घ्या, कमी लावतो" असं ऐकायला येतं. पाच किलो म्हणजे सहा-सात महिन्यांचा साठा झाला. पतंगाला अंड्यापासून पुन्हा पतंग व्हायला आपल्या हवेत महिना-दीड महिना लागतो. म्हणजे त्या पाच किलोंत त्याच्या चार-पाच पिढ्या निवांत होतील. एका वेळी एक किलो घ्यावं, फार तर दोन.

घेताना दुकानातच दाणे तळहातावर घेऊन बघावेत. दोन-चार दाणे बारीक धाग्याने एकमेकांना चिकटून लोंबत असतील तर जाळी धरायला सुरुवात झालेली आहे. दाण्यांना गोल भोकं आणि तळाला पीठ दिसलं तर ते सोंडकिड्यांचं काम. कोंदट, बुरसट वास आला तर माल भिजलेला आहे. भुईमूग आणि मक्याच्या दाण्यांत तर हा वास मुळीच चालवून घेऊ नये. त्यांच्यावरची बुरशी विष तयार करते आणि ते पक्ष्यांच्या यकृतावर जातं. धुऊन, वाळवून किंवा भाजून ते विष जात नाही.

घरी आल्यावर दाणे आधी फ्रीझरमध्ये

हीच पायरी नवी मंडळी गाळतात. दुकानात दाणे कितीही स्वच्छ दिसले तरी अंडी डोळ्यांना दिसत नाहीत. त्यामुळे दाणे डब्यात भरायच्या आधी थंडीने ती मारायची.

एक किलो दाणे झिप असलेल्या पिशवीत भरावेत, हवा दाबून काढावी आणि पिशवी चपटी करून फ्रीझरमध्ये आडवी ठेवावी. गोळा करून ठेवली तर मधल्या दाण्यांपर्यंत थंडी पोचायला वेळ लागतो. उणे 18 अंशांना चार दिवस पुरतात. दोन दारांच्या फ्रिजचा फ्रीझर साधारण तेवढा थंड असतो. एका दाराच्या, बर्फ साचणाऱ्या फ्रिजचा तेवढ्या खाली जाईलच असं नाही, आणि तो दिवसातून दहा वेळा उघडला जातो. तिथे पिशवी सरळ आठवडाभर ठेवून द्यावी. जास्त दिवस ठेवल्याने दाण्यांचं काही बिघडत नाही.

बाहेर काढताना घाई करू नये. पिशवी बंदच ठेवून ती खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, रात्री काढली तर सकाळी उघडावी. गार दाण्यांना पावसाळी हवा लागली की त्यांच्यावर पाणी धरतं आणि किडा टळला तरी बुरशीची सोय होते.

"ऊन दाखवलं तर नाही का चालणार?" असं आई-आजी विचारतातच. एप्रिल-मे महिन्यात गच्चीवर काळ्या कापडावर पातळ थर पसरला आणि वर पारदर्शक प्लास्टिक झाकलं तर आतलं तापमान इतकं वाढतं की किडे मरतात. नुसत्या सुपात पसरलेल्या दाण्यांतून हालणाऱ्या अळ्या निघून जातात, पण अंडी राहू शकतात. आणि श्रावणात हा प्रश्नच उद्भवत नाही.

कुत्र्याचं सीलबंद खाणं फ्रीझरमध्ये घालायची गरज सहसा नसते. पिशवीला टाचणीएवढं भोक किंवा शिवणीपाशी जाळं दिसलं तर ती घेऊच नये. काही पतंगांच्या अळ्या पातळ प्लास्टिक आणि कागद कुरतडून आत शिरतात, त्यामुळे बाहेरून दिसणारं भोक दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

डबा कसला?

उंदरासाठी धातू, मुंगीसाठी रबरी वळी असलेलं झाकण. दोन्ही एकत्र मिळालं तर उत्तम.

प्लास्टिकचे मोठे डबे दिसायला छान असतात, चाकं असतात, मोजायचा कप असतो. ज्या इमारतीत उंदीर नाहीत तिथे ते चालतात. पण उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, कुरतडणं हा त्याचा रोजचा उद्योग आहे, आणि प्लास्टिकच्या डब्याची कड किंवा झाकणाचा कोपरा तो एक-दोन रात्रींत फोडू शकतो. म्हणून पत्र्याचा किंवा स्टीलचा डबा घ्यावा.

सगळ्यात स्वस्त सोय म्हणजे पंधरा किलोचा तेलाचा रिकामा डबा. भांडीवाल्याकडून त्याचं वरचं तोंड कापून, कडा आत दुमडून, बसतं झाकण करून मिळतं. कडा दुमडल्या आहेत का हे बोट न फिरवता, फडकं फिरवून बघावं. आतलं तेल गरम पाणी आणि भांड्यांच्या साबणाने पुन्हा पुन्हा धुऊन काढायचं आणि डबा उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण कोरडा करायचा, नाहीतर जुन्या तेलाचा खवटपणा नव्या खाण्याला लागतो. या डब्यात साडेसोळा लिटरच्या आसपास जागा असते. कोरडं खाणं हलकं, फुगीर असतं, एका लिटरात साडेतीनशे-चारशे ग्रॅमच मावतं. म्हणजे सुटं ओतलं तर सहाएक किलो बसेल. पण आपण ते सुटं ओतणार नाही.

खाणं मूळ पिशवीतच ठेवून, तोंड गुंडाळून क्लिप लावून, पिशवीसकट डब्यात उतरवायचं. याला कारणं आहेत. पिशवीचा आतला थर चरबीचा वास आणि हवा अडवण्यासाठीच बनवलेला असतो. सुटं ओतलं की चरबी डब्याच्या भिंतींना लागते, आणि जुन्या थरावर नवी पिशवी ओतत राहिलं की तळाशी सहा महिन्यांपूर्वीचे दाणे राहतात. शिवाय कुत्र्याला उलट्या झाल्या तर डॉक्टर आणि कंपनी दोघंही बॅच नंबर विचारतात, आणि तो पिशवीवर असतो. 3 किलोची पिशवी तेलाच्या डब्यात आरामात बसते.

दाण्यांसाठी दोन लिटरची रबर वळीची काचेची बरणी किंवा घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा पुरतो, राळा-बाजरीचं एक किलो त्यात मावतं. फिरकीच्या झाकणावर फार विसंबू नये. आट्यांमधून बारीक मुंग्या वर चढत जातात आणि त्याच आट्यांत अळीचा कोष बसतो. काचेचा एक फायदा असा की जाळी धरू लागली तर बाहेरूनच दिसते.

ठेवायचं कुठे?

सिंकखाली नको, माळ्यावर नको, गॅसजवळ नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको. राहिलेल्या जागांपैकी जी रोज नजरेखालून जाते ती निवडावी. डबा स्टुलावर, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून चार बोटं सुटा ठेवावा. असं ठेवलं की खालून-मागून झाडू फिरतो आणि उंदराच्या लेंड्या लगेच दिसतात. भिंतीला चिकटलेल्या डब्याची मागची बाजू महिनोन् महिने कोणी बघत नाही.

लेंड्या ओळखायलाही शिकावं, म्हणजे उगाच धावपळ होत नाही. लहान उंदराच्या लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या आणि टोकदार असतात, मोठ्या उंदराच्या साधारण दुप्पट. एका टोकाला पांढरा ठिपका असेल तर ती पालीची, खाण्याच्या डब्याशी तिचा काही संबंध नाही. लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडूने उडवू नयेत. ब्लीचचं पाणी टाकून, दहा मिनिटांनी हातमोजे घालून कागदाने पुसाव्यात. पावसाळ्यात उंदराच्या लघवीतून लेप्टो पसरतो, तो माणसाला होतो आणि कुत्र्यालाही. उंदराने तोंड घातलेलं खाणं वरचा थर काढून वापरायचं नसतं. पूर्ण पिशवी टाकायची.

पेन्सिल जाईल एवढ्या भोकातून लहान उंदीर आत येतो. सिंकच्या पाइपभोवतीची फट, एसीच्या पाइपचं भोक, गॅलरीच्या दाराखालची जागा आधी बघावी. फटीत स्टीलची काथ्या कोंबून वर सिमेंट भरावं, नुसतं सिलिकॉन किंवा फोम भरला तर तो कुरतडून काढतो.

मुंग्या

मुंग्या साठ्यापेक्षा वाडग्यावर जास्त येतात. मांजर असेल तर फारच, कारण मांजर थोडं खातं, निघून जातं, दोन तासांनी परत येतं, आणि तोवर वाडगा उघडा असतो. पूर्वी दुधाच्या फडताळाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे, तोच उपाय इथे चालतो. उथळ ताटलीत थोडं पाणी घ्यावं आणि मधोमध खाण्याचा वाडगा ठेवावा. वाडग्याची कड आणि ताटलीची कड यांत दोन बोटांचं अंतर हवं, नाहीतर मुंग्या पूल करतात. हे पाणी प्राणी पिणारच, म्हणून त्यात साबण किंवा फिनेल काही घालायचं नाही. रोज पाणी ओतून ताटली घासायची. तसंच राहिलं तर आठवड्या-दहा दिवसांत त्यात डासांच्या अळ्या होतात, आणि डेंग्यूचे डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतात.

रांग लागली असेल तर नुसत्या मुंग्या झाडून उपयोग नाही. त्या एका वासाच्या रेघेवर चालतात आणि रेघ राहिली की तासाभरात पुन्हा हजर होतात. साबणाच्या पाण्याने रांगेचा सगळा माग, अगदी भिंतीतल्या फटीपर्यंत पुसावा. डब्याच्या बाहेरून लागलेला चरबीचा हातही त्याच फडक्याने पुसून घ्यावा, अनेकदा रांग त्यासाठीच लागलेली असते.

रात्रीची सवय

उंदीर रात्री हिंडतो, म्हणून रात्री बाहेर काही राहू द्यायचं नाही. कुत्र्याला ठरलेल्या वेळी खायला द्यावं, वीस-पंचवीस मिनिटांत वाडगा उचलावा, उरलेलं टाकावं आणि वाडगा धुवावा. उरलेले दाणे पुन्हा मूळ पिशवीत टाकू नयेत, लाळ लागलेले दाणे सगळी पिशवी खराब करतात.

पिंजऱ्याखाली तर रोजच सडा पडतो. बजी दाणा सोलून खातात आणि टरफल फुंकून टाकतात, त्यामुळे वाटी भरलेली दिसते पण वर नुसती फोलपटं असतात. संध्याकाळी वाटी फुंकून, ट्रेचा कागद गुंडाळून बंद डस्टबिनमध्ये टाकायचा. चिमण्यांसाठी गॅलरीत दाणे ठेवत असाल तर सकाळी मूठभरच ठेवावेत आणि अंधार पडायच्या आत ट्रे आत घ्यावा. सोसायटीत भांडणं लागतात ती दाण्यांवरून कमी आणि खालच्या मजल्यावरच्या गॅलरीत पडलेल्या फोलपटांवरून जास्त.

पतंग झालेच तर

आमच्या मजल्यावरच्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात पावसाळ्यात संध्याकाळ झाली की ट्यूबलाइटभोवती करडे, बारीक पतंग उडायला लागायचे. त्यांनी आधी तांदूळ निवडला, मग डाळी उन्हात घातल्या, मग मैदा फेकला. पतंग कमी होईनात. छताच्या कोपऱ्यात दोन-तीन पांढुरक्या अळ्या चढताना दिसल्या तेव्हा त्यांना वाटलं, या वरच्या फ्लॅटमधून येतात.

खरं कारण अळीच्या स्वभावात आहे. पूर्ण वाढलेली अळी कोष करायला खाणं सोडून लांब चालत जाते, भिंत चढते, छताचा कोपरा, कॅलेंडरची मागची बाजू, पडद्याची शिवण अशी जागा शोधते. म्हणून पतंग जिथे दिसतात तिथे साठा असेलच असं नसतं. अशा वेळी घरातलं कोरडं खाणं एकेक करून, सगळ्यात जुन्या आणि सगळ्यात कमी उघडल्या जाणाऱ्या पिशवीपासून तपासत जायचं. काकूंचा पोपट वर्षभरापूर्वी गेला होता आणि त्याच्या सूर्यफुलाच्या बियांची अर्धी पिशवी माळ्यावर एका हंड्यात तशीच होती. ती उघडली तर बिया जाळ्याने एकसंध झाल्या होत्या, वर उचलल्या तर गोधडीसारख्या आल्या.

असा साठा सापडला की पिशवी तिथेच झटकायची नाही. दुसऱ्या पिशवीत घालून गाठ मारायची, फ्रीझरमध्ये जागा असेल तर दोन-तीन दिवस ठेवून मग कचऱ्यात द्यायची. जाळी धरलेले दाणे चाळून पक्ष्यांना घालू नयेत. अळी खाल्ल्याने पक्ष्याला काही होत नाही, पण त्या जाळ्यात विष्ठा आणि कुबट पीठ असतं. शेजारच्या डब्यांतले, अजून स्वच्छ दिसणारे दाणे आणि मैदा-रवा फ्रीझरमधून फिरवून घ्यावेत. मग फडताळ रिकामं करून व्हॅक्युमने किंवा कोरड्या ब्रशने फटी, बिजागऱ्या आणि झाकणांच्या आट्या साफ कराव्यात. छताच्या कोपऱ्यातले कोष ओल्या कागदाने चिमटून काढावेत.

यानंतरही काही दिवस तुरळक पतंग दिसतील. ते आधीच्या कोषांतून निघालेले असतात आणि पतंग स्वतः धान्य खात नाही, त्यामुळे घाबरू नये. बाजारात चिकट कागदाचे फेरोमोन सापळे मिळतात. त्यांना फक्त नर चिकटतात, म्हणजे ते उपायापेक्षा मोजमापाला उपयोगी. सापळा पिंजऱ्यापासून लांब, मांजराच्या उडीबाहेर लावावा. दीड महिना उलटूनही नवे नर चिकटत असतील तर अजून एखादी पिशवी सापडायची आहे.

घरच्या धान्याला चालतं, इथे चालत नाही

तांदळात पारद गोळ्या टाकायची पद्धत अनेक घरांत आहे. त्यांत पारा असतो. तांदूळ आपण निवडून, धुऊन शिजवतो, बजी मात्र दाणा थेट चोचीत घेतात. पक्ष्यांच्या दाण्यांत या गोळ्या कधीही टाकू नयेत. बोरिक पावडरही नको, डाळीला लावतात तसं एरंडेलही नको, कारण तेल लागलेले दाणे लवकर खवट होतात. डांबराच्या गोळ्या आणि कापूर पिंजऱ्याच्या खोलीत नकोत, पक्ष्यांची फुप्फुसं अशा वाफा सहन करत नाहीत. कडुलिंबाची पानं विषारी नाहीत, पण जाळी धरलेल्या दाण्यांत त्यांनी फरक पडलेला फारसा दिसत नाही, आणि ओली राहिली तर ओल तेवढी वाढते. धान्याच्या कोठारात वापरतात त्या वायू सोडणाऱ्या गोळ्या राहत्या घरात आणायच्याच नाहीत, त्यांच्या वायूने माणसं दगावलेली आहेत.

मुंग्यांचा खडू आणि फवारे मांजराच्या वाटेवर वापरू नयेत. मांजर चालतं, मग पाय चाटतं, आणि या कीटकनाशकांपैकी काही मांजराच्या शरीराला मोडताच येत नाहीत.

उंदराच्या विषाबद्दल तर जास्तच सावध राहावं. केक किंवा पेस्ट कुत्र्याला खाण्यासारखीच लागते, आणि विष खाऊन मेलेला उंदीर मांजराने खाल्ला तरी विष पुढे जातं. रक्त न गोठू देणाऱ्या विषाची लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. हिरड्या फिकट पडणं, नाकातून किंवा शौचातून रक्त येणं, कुत्रा सुस्त होणं. खाल्ल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता विषाचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जावं, कारण उपचार कुठल्या विषाने झालंय यावर ठरतात. घरात प्राणी असतील तर साधा पिंजरा लावावा. त्यात भजी किंवा सुक्या बोंबलाचा तुकडा अडकवावा, आणि पिंजरा कुत्र्याच्या नाकाला पोचणार नाही अशा ठिकाणी, भिंतीच्या कडेने ठेवावा. उंदीर खोलीच्या मधून क्वचितच जातो. इमारतीत सोसायटीने विष टाकायचं ठरवलं असेल तर जागा आणि तारीख आधी विचारून घ्यावी, आणि त्या दिवसांत कुत्र्याला जिन्याखाली, गटाराच्या कडेला हुंगू देऊ नये.